उलगडलेली मोटार

व्हँकूवरच्या स्कायट्रेनला ड्रायव्हर नाही. त्यामुळे पहिल्या डब्यात अगदी समोरच्या काचेशी बसायला मिळतं आणि सगळा मार्ग अंगावर येताना दिसतो. एक्स्पो लाइनवर तिथे बसलात तर दोन रुळांच्या बरोबर मधोमध एक रुंद, सपाट, करड्या रंगाची पट्टी दिसेल. ती स्टेशनात शिरते, वळणावर वळते, चढावर चढते. गाडीला वीज देणारे रूळ बाजूला असतात, त्यांच्याशी हिचा संबंध नाही. ही पट्टी कुठल्याच तारेला जोडलेली नाही. वर ॲल्युमिनियम, खाली लोखंड, आणि सगळं मिळून जमिनीला बोल्टने घट्ट बसवलेलं. तिचं नाव रिॲक्शन रेल. गाडीची अर्धी मोटार म्हणजे ही पट्टी. उरलेली अर्धी डब्याखाली लटकते.

मी बर्नबीत राहते, सॉफ्टवेअर लिहिते आणि ऑफिसला याच गाडीने जाते. डिग्री इलेक्ट्रिकलची आहे, पण मोटार म्हणजे काय हे मला कॉलेजच्या आधी माझ्या मामानं दाखवलं होतं. मामाचं तासगावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. उन्हाळ्यात विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी भरायला यायच्या. सुट्टीत मी तिथं बसून स्लॉटमध्ये घालायचे कागद कापायची. तेव्हा गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर त्याला ही गाडी दाखवली आणि म्हटलं, हिच्या मोटारीत फिरणारं काहीच नाही, तर तो हसला. "मग बेअरिंग कुठं हाय?" "बेअरिंग नाहीच. स्टेटर सपाट आहे." "आणि रोटर?" मी फोन काचेकडे धरून पट्टी दाखवली. मामा जरा वेळ गप्प बसला.

मामाच्या भाषेत सांगायचं तर असं. पंपाच्या मोटारीत बाहेरचं गोल स्टेटर असतं, आतल्या बाजूला त्याचे स्लॉट, आणि त्यांत तीन फेजच्या कॉइल एकीशेजारी एक अशा क्रमाने घातलेल्या. तिन्ही फेजचे करंट एकाच वेळी शिखरावर पोचत नाहीत. आधी एक, मग दुसरा, मग तिसरा. त्यामुळे चुंबकीय जोर जिथे सगळ्यात जास्त असतो ती जागा एका कॉइलवरून पुढच्या कॉइलवर सरकत जाते. ज्वारीच्या शेतावरून वारा गेला की लाट पळते, ताटं मात्र जागच्या जागी असतात, तसं. कॉइल जागेवर, लाट गोल गोल फिरते. आता हे स्टेटर एका जागी उभं कापा आणि चटई उलगडावी तसं सपाट करा. लाट आता गोल फिरत नाही, सरळ पळते. रोटरही तसाच उलगडला, तर त्याच्यातल्या ॲल्युमिनियमच्या सळया आणि लोखंड यांच्या जागी ॲल्युमिनियमचा पत्रा आणि त्याखाली लोखंडाची पाठ उरते. म्हणजेच ती पट्टी.

लाट पत्र्यावरून सरकली की पत्र्यात करंट उठतात. त्यांना कोणी तार जोडलेली नाही, बदलणारं चुंबकीय क्षेत्रच त्यांना जन्म देतं. हे करंट पत्र्यातच भोवऱ्यासारखे फिरतात, आणि क्षेत्र त्यांना धरून आपल्या दिशेने ओढू पाहतं. पत्रा सैल असता तर लाटेमागे पळाला असता. पण तो जमिनीला बोल्टने जखडलेला आहे, म्हणून उलटा धक्का स्टेटरला बसतो, आणि स्टेटर डब्याला टांगलेलं असल्यामुळे डबा पुढे जातो. गंमत अशी की गाडी पुढे न्यायची तर लाट मागे, शेपटीच्या दिशेने सोडावी लागते. नाव वल्हवताना पाणी मागे लोटतात, तसंच.

लाटेचा वेग काढायला एकच सूत्र लागतं:

`v = 2 × τ × f`

τ म्हणजे एका चुंबकीय ध्रुवापासून पुढच्या ध्रुवापर्यंतचं अंतर, आणि f म्हणजे करंटची वारंवारता. समजा τ पाव मीटर आहे आणि वारंवारता ५० हर्ट्झ. लाट सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर वेगाने मागे पळेल. गाडी त्याच वेळी ताशी ८० ने, म्हणजे सेकंदाला २२.२ मीटरने पुढे जाते आहे. मग रुळाशेजारी उभं राहून ही लाट दिसली असती, तर ती जवळजवळ थबकलेली दिसली असती, सेकंदाला फक्त २.८ मीटरने मागे सरकणारी. हा जो फरक, तीच स्लिप. इथे ती सुमारे ११ टक्के आहे. स्लिप शून्य झाली तर पत्र्याला लाट स्थिर वाटेल, करंट उठणार नाहीत आणि ढकलणंही थांबेल. म्हणजे थोडं मागे पडणं हे या मोटारीचं काम करण्याचं साधन आहे. सुटताना वारंवारता अगदी कमी ठेवतात, ५ हर्ट्झला लाट सेकंदाला अडीच मीटर, आणि गाडी वेग घेईल तशी इन्व्हर्टर ती वाढवत नेतो. जुन्या मार्क वन डब्यांत हे कानाला कळतं. गाडी सुटताना खालून चढत्या सुरांचा आवाज येतो. तो या वीजयंत्रणेचा.

"दोन फेज बदलल्या तर उलटी ओढंल," मामा म्हणाला. बरोबर. ब्रेक लावायला हेच वापरतात, लाटेची दिशा किंवा वेग बदलून.

मग त्यानं विचारलं, "गॅप किती ठेवलाय?" मी सांगितलं, साधारण एक सेंटिमीटर. त्यानं कपाळाला हात लावला.

त्याचं कारण त्याच्या दुकानात रोज दिसतं. पंपाच्या मोटारीत रोटर आणि स्टेटर यांच्यातली फट एक मिलिमीटरही नसते. बेअरिंग झिजलं की रोटर स्टेटरला घासतो. मग कोणीतरी शहाणा रोटर लेथवर लावून थोडा उतरवून आणतो. मोटार फिरते, पण पंप न जोडताही भरपूर अँपिअर खाते. कारण लोखंडातून लोखंडात जाताना चुंबकीय क्षेत्राला हवेची फट ओलांडावी लागते, आणि फट जितकी मोठी तितका करंट नुसतं क्षेत्र उभं करण्यातच जातो. गाडीखाली ही फट काही मिलिमीटरच्या खाली नेता येत नाही. स्प्रिंगवर डबा खालीवर होतो, रूळ सगळीकडे तंतोतंत एका पातळीत नसतो, आणि चाकं झिजून लहान होतात तसं त्यांच्यावर टेकलेलं सगळंच खाली येतं, म्हणून मोटारीची उंची अधूनमधून जुळवून घ्यावी लागते. शिवाय स्टेटरचं लोखंड आणि पट्टीखालचं लोखंड एकमेकांना खेचत असतं. ती ओढ उभी असते, पुढे ढकलण्याच्या जोराहून मोठीही होऊ शकते, आणि फट कमी झाली की ती आणखी वाढते. मोटार पट्टीला टेकणं हा इथला खरा धोका.

पण मला सगळ्यात आवडलेला प्रश्न याच्या पुढचा होता. मी कागदावर उलगडलेलं स्टेटर काढून दाखवत होते, एकामागून एक स्लॉट. मामा म्हणाला, "शेवटच्या कॉइलची दुसरी बाजू कुठं घालायची?"

कॉइलला दोन बाजू असतात. एक या स्लॉटात, दुसरी काही स्लॉट सोडून पुढच्यात. गोल स्टेटरमध्ये शेवटची कॉइल फिरून पहिलीच्या शेजारी येऊन बसते, सगळे स्लॉट सारखे भरतात. सपाट स्टेटरमध्ये ती बाजू कुठे येऊन मिळणार? म्हणून दुहेरी थराच्या वाइंडिंगमध्ये दोन्ही टोकांचे काही स्लॉट अर्धेच भरलेले राहतात. वर्तुळाला सुरुवात आणि शेवट नसतो, उलगडल्यावर तो येतो, आणि सपाट मोटारीच्या सगळ्यात कठीण अडचणी त्या दोन टोकांना असतात.

स्लॉटपेक्षा पत्र्याचं दुखणं मोठं आहे. गोल मोटारीतला रोटर सतत त्याच क्षेत्रात असतो. इथे मात्र गाडी पुढे जाताना मोटारीच्या पुढच्या कडेखाली दर क्षणी कोरा पत्रा येतो, ज्यानं आतापर्यंत क्षेत्र पाहिलेलंच नाही. अचानक क्षेत्र अंगावर आलं की त्यात त्याला विरोध करणारे करंट उठतात. ते विरेपर्यंत मोटारीच्या पुढच्या भागात क्षेत्र दुबळं राहतं आणि तो भाग नीट ढकलत नाही. मागच्या कडेला उलटं होतं. बाहेर पडणाऱ्या पत्र्यात करंट उरलेले असतात, ते थोडी मागे ओढ लावून उष्णतेत विरतात. मोटार दोन मीटर लांब धरली तर सेकंदाला ५ मीटर वेगात पत्र्याचा एखादा तुकडा तिच्याखाली ०.४ सेकंद असतो. सेकंदाला २२ मीटर वेगात फक्त ०.०९ सेकंद. क्षेत्र भरायला लागणारा वेळ काही त्या हिशोबात कमी होत नाही. म्हणून वेग वाढेल तसा मोटारीचा मोठा भाग नुसता तयारीत जातो.

मामानं हिशोब मांडला. "फट मोठी, टोकं वाया, स्लिप अकरा टक्के. म्हंजे पट्टीत जाणाऱ्या पॉवरमधली अकरा टक्के तिथंच तापून गेली. आमच्या मोटारीला पाच टक्क्याच्या वर स्लिप आली तर गिऱ्हाईक परत आणून टाकतंय. मग ही घेतली कशाला?"

घेतली कारण चाकांना काहीच करावं लागत नाही. साध्या गाडीत मोटार चाक फिरवते आणि चाक रुळाला धरून गाडी ओढतं. पोलादावर पोलाद, आणि त्यावर पाऊस किंवा चिकटलेली ओली पानं पडली की ती पकड कमालीची घटते. व्हँकूवरमध्ये शरद ऋतूत दोन्ही असतात. जोर वाढवला तर चाक जागेवर गरगरतं, ब्रेक जोरात लावला तर घसरतं. स्कायट्रेनची चाकं फक्त वजन पेलतात, गाडीला जोर मिळतो तो पट्टीवरून, आणि ॲल्युमिनियम ओलं आहे की कोरडं याचं चुंबकीय क्षेत्राला काही देणंघेणं नाही. १९८५ च्या डिसेंबरात, एक्स्पो ८६ च्या तोंडावर ही लाइन उघडली, तेव्हा माणसाशिवाय गाड्या पाठोपाठ सोडायच्या होत्या. गाडी चालवणाऱ्या प्रोग्रामने अमुक इतका जोर मागितला तर पावसातही तितकाच मिळेल, याची खात्री हवी होती. प्रोग्राम लिहून पोट भरणारी म्हणून मला ती खात्री विजेच्या बिलाहून मोठी का वाटली असेल हे समजतं. टोकियोच्या ओएदो लाइनने हीच मोटार वेगळ्या कारणाने घेतली. मोटार चपटी, म्हणून डब्याचा तळ खाली येतो आणि बोगदा लहान खणून भागतो.

"तुझ्या गावातल्या सगळ्या गाड्या अशाच?" मामानं विचारलं. नाहीत. २००९ मध्ये सुरू झालेली कॅनडा लाइन त्याच शहरात, त्याच पावसात, ड्रायव्हरशिवायच धावते आणि तिच्या मोटारी गोल आहेत. आजचे इन्व्हर्टर चाक घसरायला लागलं की लगेच ओळखतात आणि जोर कमी करून पकड परत मिळवतात. जे काम आधी मोटारीचा आकार बदलून केलं, त्यातलं बरंचसं आता मोटारीच्या मागे बसलेला प्रोग्राम करतो. पण एक्स्पो लाइनच्या गाड्यांना पट्टीशिवाय हलता येत नाही, त्यामुळे ती लाइन जिथे जिथे वाढेल तिथे नव्या रुळांमध्ये ॲल्युमिनियम घालावंच लागतं.

मामानं यावर डोकं हलवलं. त्याच्या मागे बाकावर पाच एचपीचं एक स्टेटर अर्धं भरून ठेवलेलं दिसत होतं. "गोल हाय तेच बरं," तो म्हणाला. मग लगेच, "पण ती टोकाची कॉइल कशी बांधत्यात, तेवढा एक फोटो मिळाला तर पाठव."