मॅडमना लिहिलेला मेल

गंगापूर रोड, नाशिक. रात्रीचे साडेदहा.

लेक वहीवरच डोकं टेकून झोपली. तेराचा पाढा पाचव्यांदा लिहिताना पेन्सिल हातातच राहिली. तिला उचलून अंथरुणावर ठेवलं आणि वर्गशिक्षिकांना मेल लिहायला बसलो.

पहिला मसुदा रागात लिहिला होता, तो पुसून टाकला. "गृहपाठ फार असतो" एवढंच म्हटलं तर मॅडम तरी काय करणार? म्हणून आठवडाभर वेळ टिपून ठेवली होती. सोमवारी ७० मिनिटं, मंगळवारी ९५, बुधवारी ६०, गुरुवारी ११०, शुक्रवारी ८५. एकूण सात तास. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात तिसरी ते पाचवीसाठी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास सांगितलेत. लेक चौथीत आहे.

बेरीज करताना लक्षात आलं, गुरुवारी तीन विषयांचा गृहपाठ एकदम आला होता. प्रत्येकाने आपापला थोडाच दिला असणार. सगळा मिळून किती होतो, ते घरीच दिसतं. मेलमध्ये हेच लिहिलं. विचारलं, विषयांचे वार ठरवून घेता येतील का? पाढा एकदाच लिहून बाकी तोंडी म्हटला तर चालेल? तोंडी घ्यायचं काम माझं. पंचवीस मिनिटांत होईल तेवढं करून खाली आम्ही सही केली तर?

धोरणाचा उल्लेख मुद्दाम शेवटी, एका ओळीत केला. सुरुवातीलाच केला असता तर नोटीस वाटली असती.

मेल गेला. पाढा तेरा सक्कं अठ्ठ्याहत्तरवर थांबलाय. त्याखाली वेळ लिहून सही केली आहे.