आधी स्थिरांक, मग n

संगणकशास्त्राच्या वर्गात अनेक वर्षे शिकविताना माझ्या असे ध्यानात आले आहे की, अमुक एका कार्यपद्धतीचा खर्च n² च्या कोटीचा आहे असे बेधडक सांगणाऱ्या विद्यार्थ्याकडे त्याचा आधार मागितला, तर तो बहुधा एकच उत्तर देतो : सर्वांत मोठे पद ठेवावयाचे आणि बाकीची गाळावयाची. निष्कर्ष बहुतेक वेळा बरोबर असतो. परंतु बाकीची पदे कोणत्या अधिकाराने गाळली, याचा जाब त्या उत्तरात नसतो. तो जाब बिग-ओच्या व्याख्येत आहे, आणि ती व्याख्या म्हणजे एक साधी असमता आहे.

f आणि g या दोन्ही फलनांची मूल्ये धन आहेत असे धरले, तर f(n) = O(g(n)) या विधानाचा अर्थ एवढाच होतो की, एक धन स्थिरांक c आणि एक उंबरठा n₀ असे दोन आकडे दाखविता येतात, आणि n₀ पासून पुढे येणाऱ्या प्रत्येक n च्या बाबतीत f(n) ≤ c·g(n) ही असमता टिकते. जर्मन गणिती पाउल बाखमान यांनी 1894 मध्ये संख्यासिद्धांतावरील आपल्या ग्रंथात हे चिन्ह योजिले, आणि एडमंड लांडाऊ यांच्या अविभाज्य संख्यांच्या वितरणावरील 1909 च्या ग्रंथामुळे ते रूढ झाले. तेथे त्याचे काम अंदाजातील चुकीला हद्द घालून देण्याचे होते. संगणकशास्त्राने ते उचलले ते पायऱ्यांच्या मोजणीसाठी. मात्र हद्द घालून देणे हा त्याचा स्वभाव पालटलेला नाही.

एक फलन हाती घेऊ. n नोंदींच्या यादीवर चालणाऱ्या एखाद्या कार्यक्रमाला पूर्वतयारीसाठी 100 पायऱ्या लागतात, प्रत्येक नोंदीमागे 30 लागतात, आणि प्रत्येक नोंद यादीतील प्रत्येक नोंदीशी ताडून पाहावयाची असल्याने अशा दर तुलनेमागे 2 लागतात, असे समजा. मग एकूण खर्च f(n) = 2n² + 30n + 100 होतो. n = 10 असताना वर्गाचे पद 200 भरते आणि ज्याला आपण गाळावयास निघालो ते 30n हे पद 300 भरते; म्हणजे तेथे लहान म्हटलेले पदच मोठे आहे. n = 15 वर दोघे 450 वर बरोबरीला येतात, आणि n = 1000 वर मात्र वीस लक्षांपुढे तीस हजार उभे राहतात. सुरुवातीच्या या प्रदेशात काय घडते त्याची जबाबदारी व्याख्या घेत नाही, आणि ती कोठून घेते ते सांगण्यासाठीच उंबरठा आहे.

आता c = 3 घेऊन f(n) ≤ 3n² होते का ते पाहू. दोन्ही बाजूंतून 2n² वजा केले की प्रश्न इतकाच उरतो की 30n + 100 हे n² पेक्षा अधिक होत नाही, असे कोठून म्हणता येईल. 30n पलीकडे नेले की असमता n(n − 30) ≥ 100 अशी सुटसुटीत होते आणि वर्गमूळ काढण्याची गरजही राहत नाही. n = 33 घेतला तर डावीकडे 33 × 3 = 99 येतात, म्हणजे अवघ्या एकाने असमता हुकते; मूळ फलनात घालून पाहिले तर f(33) = 3268 आणि 3 × 33² = 3267, तोच एकाचा फरक. n = 34 वर 34 × 4 = 136 होतात आणि असमता साधते. परंतु 34 वर साधली एवढ्यावरून पुढच्या असंख्य आकड्यांची हमी मिळत नाही. ती मिळते याचे कारण असे की, 34 नंतर n आणि n − 30 हे दोन्ही घटक धन असून n बरोबर वाढतच जातात, त्यामुळे त्यांचा गुणाकार पुन्हा 100 च्या खाली उतरूच शकत नाही. हे एक वाक्य नसलेली सिद्धता मी अपुरी मानतो, मग तिच्यात आकड्यांचे कितीही लांब कोष्टक का असेना.

3 आणि 34 ही जोडी काही एकमेव नव्हे. n ≥ 1 असेल तर n आणि 1 हे दोन्ही n² पेक्षा मोठे नसतात, म्हणून c = 2 + 30 + 100 = 132 घेतला तर उंबरठा 1 वरच येऊन ठेपतो. उलट c = 2.1 इतका आखडता घेतला तर उंबरठा 304 पर्यंत पुढे सरकतो, आणि c = 2 घेतला तर 30n + 100 शून्याहून अधिक होऊ नये अशी अशक्य अट पुढे येते व कोणताच उंबरठा पुरत नाही. व्याख्येला सर्वांत चांगली जोडी नको असते, एखादी चालणारी जोडी पुरते. म्हणून परीक्षेत 132 लिहिणारा आणि 3 लिहिणारा, दोघांनाही मी सारखेच गुण देतो.

ज्या ठिकाणी खरा घोटाळा होतो ते स्थळ वेगळेच आहे. हेच फलन O(n) आहे असा दावा कोणी केला आणि c = 1000 घेऊन तो तपासावयास बसला, तर n = 1 पासून n = 484 पर्यंत f(n) ≤ 1000n ही असमता एकदाही मोडत नाही. n = 485 वर f चे मूल्य 485100 होते आणि 1000n चे 485000, तेव्हा ती मोडते व पुन्हा कधीही सावरत नाही. c वाढवून दहा हजार केला तरी मोडण्याची जागा फक्त पुढे सरकते. कारण f(n) ला n ने भागले तर 2n + 30 + 100/n उरते, आणि कोणताही c घोषित झाला तरी n ने c च्या निम्म्याला गाठले की ही बेरीज त्याच्या पलीकडे गेलेली असते. 'मग c आणखी वाढवू' असे म्हणत n च्या मागे धावण्याची मुभा व्याख्या देत नाही. c हा करारनाम्यात आधी नोंदवून सही झालेला आकडा आहे. n त्यानंतर हजर होतो, आणि त्याला पाहून करार बदलता येत नाही. ही मुभा दिली, तर प्रत्येक फलन प्रत्येक फलनाच्या कोटीचे ठरेल आणि चिन्हाला काही अर्थच उरणार नाही.

याच उदाहरणाची दुसरी बाजूही व्यवसायात पडणाऱ्याने ध्यानात ठेवावी. ज्याच्या यादीत 200 हून अधिक नोंदी कधी येणारच नाहीत, त्याच्यासाठी 1000n पायऱ्या घेणारी पद्धत दोन लक्ष पायऱ्या घेईल आणि आपली 2n² वाली पद्धत 86100 मध्ये काम उरकेल. O(n) हे O(n²) पेक्षा सरस, ही गोष्ट उंबरठ्यापलीकडची आहे. अलीकडचा निवाडा स्थिरांकच करतात. शिवाय बिग-ओ ही केवळ वरची हद्द आहे, त्यामुळे आपले फलन O(n³) आहे हे विधानही खरेच ठरते, फक्त सैल. घट्ट हद्द सांगावयाची असेल तर थीटा हे चिन्ह वापरावे असा आग्रह डोनाल्ड क्नुथ यांनी 1976 मध्ये धरला, आणि तो मला सर्वथा योग्य वाटतो.

वाचकांनी c = 5/2 घेऊन हीच तपासणी स्वतःच्या हाताने कागदावर करून पाहावी. असमता n(n − 60) ≥ 200 अशी येईल. हा गुणाकार 63 वर 189 भरतो आणि 64 वर 256, म्हणून उंबरठा 64.