कर्ता नसलेलं इतिवृत्त

मी मराठी शिकवतो. नववीच्या वर्गात प्रयोग शिकवताना माझा ठरलेला प्रश्न असतो, ‘वाक्यातला कर्ता कोण? आधी त्याला शोधा.’ आणि शाळेच्या पालक-शिक्षक संघाचा सचिव म्हणून मी दोन वर्षं जी इतिवृत्तं लिहिली, त्यांत शोधूनही कर्ता सापडत नव्हता. शाळा सोनारीच्या परिसरातली. तिचं नाव लिहीत नाही, कारण चूक शाळेची नव्हती, माझी होती.

२०११च्या शुल्क विनियमन कायद्यानं खासगी शाळांना हा संघ शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांच्या आत स्थापन करावा लागतो. त्याच्या कार्यकारी समितीत मुख्याध्यापक अध्यक्ष, पालकांतला एक जण उपाध्यक्ष आणि शिक्षकांतला एक जण सचिव. सचिवपद माझ्याकडे आलं ते माझं अक्षर चांगलं म्हणून. प्रोसिडिंगची वही हातात पडली, तेव्हा जुन्या पानांवरची भाषा मी तशीच उचलली. ‘सविस्तर चर्चा झाली’, ‘योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले’, ‘सर्वानुमते मंजूर’. वाचायला भारदस्त, आणि कुणालाच न टोचणारी.

जुलैच्या सभेत पाण्याच्या टाकीचा विषय निघाला. सोनारी म्हणजे काळभैरवनाथाचं गाव, आणि इथल्या माकडांना कुणी दगड मारत नाही. शाळेच्या छतावरच्या टाकीचं झाकण ती उचलून टाकतात, ही सगळ्यांची तक्रार. सभेत चर्चा खरंच चांगली झाली. झाकणावर लोखंडी जाळी बसवायची आणि तिला कडी-कुलूप लावायचं, हे ठरलं. एका पालकाचं वेल्डिंगचं दुकान आहे, ते म्हणाले, ‘माप द्या, बनवून देतो.’ मी चार दिवसांनी आठवून लिहिलं: ‘पाण्याच्या टाकीस जाळी बसविण्याबाबत चर्चा होऊन लवकरात लवकर योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले.’

वेल्डिंगवाले मापाची वाट पाहत राहिले. शिपाईदादांना वाटलं, माप कुणीतरी शिक्षक घेतील. मुख्याध्यापकांना वाटलं, पालकांनी अंगावर घेतलंय म्हणजे होईलच. सप्टेंबरच्या एका सकाळी नळाच्या पाण्याला वास आला. वर चढून पाहिलं, तर टाकीत अर्धवट खाल्लेले पेरू आणि प्रसादाची प्लास्टिकची पिशवी. टाकी रिकामी करून घासली, दोन दिवस मुलांनी घरून बाटल्या आणल्या. कुणी आजारी पडलं नाही, हे आमचं नशीब. ‘ठरलं होतं ना?’ असं मुख्याध्यापकांनी विचारलं, तेव्हा मी वही उघडली. वहीत ठरलेलं होतं. कुणी करायचं, ते नव्हतं.

ऑक्टोबरच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचून कायम करायचं होतं. मी वाचत होतो. टाकीच्या ठरावाखाली अनुमोदक म्हणून सहावीतल्या एका मुलीच्या आईचं नाव होतं. त्या मधेच उठल्या. आवाज चढवला नाही, पण शब्द मला अजून ऐकू येतात: ‘सर, तवा मी घरी गेले होते. परंड्याची गाडी धरायची होती. माझं नाव कसं काय?’

खरं सांगायचं तर, सूचक-अनुमोदक मी मागाहून भरले होते. सह्या सभेच्या सुरुवातीलाच घेतल्या होत्या, त्या यादीतून सोयीची दोन नावं उचलली. या बाई कधी वाद घालत नाहीत, म्हणून त्यांचं. ही चूक विसरभोळेपणाची नव्हती. न झालेली गोष्ट मी झाली म्हणून लिहिली होती, आणि तीही ज्या बाई आक्षेप घेणार नाहीत असं वाटलं त्यांच्या नावावर. त्याच सभेत दुरुस्ती केली: ओळीवर एकच आडवी रेघ, खालचं नाव वाचता येईल अशी, शेजारी बरोबर मजकूर, माझी आणि अध्यक्षांची सही, तारीख. पांढरी शाई लावून खोडायचा मोह झाला होता. पण खाडाखोड झाकली, की वहीतल्या बाकीच्या पानांवरही विश्वास राहत नाही.

आता मी शहाणा झालो होतो, म्हणजे तसं मला वाटत होतं. त्या सभेत प्रत्येक कामापुढे नाव लिहायचंच, असं ठरवून बसलो. जाळीपुढे वेल्डिंगवाल्यांचं नाव लिहिलं. टाकी दर तीन महिन्यांनी धुण्याचा विषय आला. कुणीतरी म्हणालं, ‘ते आठवीतल्या पोराचे वडील करत्यात की, त्यांना सांगा.’ मी त्यांचं नाव लिहिलं, मुदत घातली ३१ डिसेंबर. ते सभेला आले नव्हते. आठ दिवसांनी ते टोळीबरोबर ऊसतोडीला गेले, ते पाडव्याच्या आसपासच परतणार. आमच्या भागात दिवाळीनंतरच्या मुदतीचं काम कुणाच्या नावावर टाकायचं, तर आधी तो माणूस गावात असणार का, हे विचारावं लागतं. मला ते माहीत नव्हतं असं नाही. रिकामा रकाना बघवत नव्हता, म्हणून भरला.

तेव्हा कळलं, की नाव लिहिणं आणि जबाबदारी घेतली जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हजर माणसानं सगळ्यांसमोर ‘हो, मी करतो’ म्हटलं, तरच नाव लिहायचं. आता सभा चालू असतानाच मी कच्च्या कागदावर निर्णय लिहितो आणि लोक उठायच्या आधी मोठ्यानं वाचतो. ज्याचं नाव येईल, त्याच्याकडे बघून वाचतो. इथेच निम्म्या भानगडी मिटतात. ‘मला त्या आठवड्यात जमणार नाही’, ‘पैसे कोण देणार ते लिहा’, हे लोक तिथेच बोलतात. सह्या त्यानंतर घेतो, आणि मजकुराखाली कोरी जागा राहिली तर तिच्यावर तिरपी रेघ मारतो.

जाळीची नोंद तिसऱ्यांदा लिहिली ती अशी:

‘विषय ३. टाकीच्या झाकणास जाळी. निर्णय: कडी-कुलपासह लोखंडी जाळी बसवावी. माप: शिपाई, उद्या दुपारपर्यंत. जाळी: वेल्डिंग व्यवसाय करणारे पालक (पूर्ण नाव), १५ तारखेपर्यंत. खर्च: संघाच्या निधीतून, पावती सचिवाकडे. किल्ली: शिपाई, ते रजेवर असल्यास विज्ञान शिक्षक. झाल्याची खात्री: सहावीच्या पालक प्रतिनिधी, १६ तारखेस.’

चर्चेत कोण काय बोललं, याचा त्यात एक शब्द नाही. चर्चा वीस मिनिटांची होती, नोंद सहा ओळींची. मतभेद असता, तर ज्यानं ‘माझा विरोध नोंदवा’ म्हटलं असतं, त्याची एक ओळ वाढली असती, एवढंच. सहावीच्या पालक प्रतिनिधी म्हणजे त्याच, परंड्याची गाडी धरून गेलेल्या बाई. खात्रीचं काम त्यांनी स्वतःहून मागून घेतलं. १६ तारखेला आल्या, शिडी लावायला सांगितली आणि कुलूप ओढून पाहिलं.

तरी सगळं सुटलेलं नाही. भीड आड येतेच. गावात वहीत नाव लिहिलं, की काहींना ते बोट दाखवल्यासारखं वाटतं. गेल्या सभेत एका काकांनी सांगितलं, ‘नाव नका लिहू, काम करतो.’ मी लिहिलं नाही. त्या कामापुढचा रकाना पुढच्या सभेपर्यंत मोकळाच ठेवला, आणि शेरा टाकला: ‘जबाबदारी निश्चित झाली नाही.’ मोकळा रकाना आता मला बघवतो.