वटणे

‘वटणे’ हा आपल्या भाषेतला मोठा शहाणा शब्द आहे. चेक खात्यावर जमा दिसला तरी जुना दुकानदार विचारायचा, ‘पण वटला का?’ जमा होणे आणि वटणे यांत केवढी दरी असू शकते, हे मला कळले ते मात्र अमेरिकेत.

न्यू जर्सीला मी मावसबहिणीकडे राहिलो होतो. तिच्या शेजारच्या एका निवृत्त शिक्षिकेला टपालाने काम आले. गिऱ्हाईक बनून दुकानात जायचे, तिथली वागणूक न्याहाळायची आणि गुपचूप अहवाल धाडायचा. अशी गुप्त गिऱ्हाइके खरोखरच असतात, म्हणून बाईंना संशय आला नाही. सोबत २,४५० डॉलरांचा, बँकेने काढलेला दिसणारा चेक होता. त्यातले ४५० त्यांचा मेहनताना. उरलेल्या २,००० ची चार गिफ्ट कार्डे घ्यायची, पाठीमागची चंदेरी पट्टी खरवडायची आणि आतल्या आकड्यांचे फोटो पाठवायचे.

चेक भरला आणि दुसऱ्या दिवशी पैसे खात्यात! बाई निर्धास्त झाल्या. तिथे १९८७ चा एक कायदा आहे. बँकेने चेकचे पैसे ठरावीक मुदतीत खातेदाराला वापरू द्यायचे. अशा चेकचे तर बहुधा दुसऱ्याच दिवशी. कायदा लोकांच्या सोयीचाच आहे. पण चेक बनावट असल्याचे उघड व्हायला कधीकधी कित्येक आठवडे लागतात. या मधल्या दिवसांतच भामट्याचा सारा संसार चालतो.

दहाव्या दिवशी बँकेने २,४५० डॉलर परत वळते केले. मेहनताना शिल्लक होता. २,००० मात्र बाईंच्या पुंजीतून गेले. चेक भरणाऱ्यानेच त्याची भरपाई करायची, असा तिथला नियम. कार्डे त्यांच्या कपाटात होती, पण आकडे गेले की कार्ड म्हणजे नुसता प्लॅस्टिकचा तुकडा. पावती घेऊन कार्डवाल्या कंपनीला लगेच फोन केला, तर क्वचित काही वाचते. इथे उशीर झाला होता.

खरी कंपनी आधी चेक पाठवीत नाही. गिऱ्हाईक स्वतःच्या खिशातून किरकोळ खरेदी करते आणि पैसे मागाहून मिळतात. आलेल्या पैशांतला वाटा कोणी पुढे पाठवायला सांगू लागला, तर चेक ज्या बँकेच्या नावाचा असेल तिला विचारावे. मात्र फोन नंबर आपण शोधलेला हवा, चेकवर छापलेला नव्हे.

पण बाईंना पैशांहून दुसरेच काही सलत होते. गल्ल्यावरच्या मुलीने विचारले होते, ‘ही कार्डे घ्यायला तुम्हांला कोणी सांगितले का?’ गुप्तता हीच तर नोकरी! त्या म्हणाल्या, ‘नातवंडांसाठी आहेत.’

“जन्मभर मी मुलांना प्रश्न विचारायला शिकवले,” त्या मला म्हणाल्या, “आणि त्या पोरीने नेमका प्रश्न विचारला, तेव्हा मी खोटे बोलले. तेही कर्तव्य म्हणून!”

चोराने त्यांच्याकडून पैसे नेले, याचे मला तितकेसे नवल वाटले नाही. त्याने त्यांचा प्रामाणिकपणाच कामाला लावला, हे मात्र अजून मनातून जात नाही.