रोज की आठवड्यातून एकदा?

औषधभांडारातील मांडणी बहुधा इंग्रजी वर्णक्रमाने असते. शोधावयास सोपी म्हणून ती चांगली. परंतु तिच्यात एक खोड आहे. ज्यांची नावे सारखी, ती औषधे नेमकी शेजारीशेजारी येऊन बसतात. आमच्या रुग्णालयात मेथोट्रेक्सेट आणि मेटोलाझोन ही कित्येक वर्षे एकाच फळीवर नांदत होती. दोन्हींच्या गोळ्या २.५ मिलिग्रॅमच्या. देवनागरीत लिहिली तर त्यांची गफलत सहसा कोणी करणार नाही; परंतु रोमन लिपीत दोन्ही नावांची पहिली तीन अक्षरे एकच, आणि घाईच्या हस्ताक्षरात पुढचा भाग म्हणजे नुसती एक लांब लाट.

कामे मात्र अगदी वेगळी. हृदय दुर्बळ होऊन पायांवर सूज चढली, की लघवी वाढवून ती उतरविण्यासाठी मेटोलाझोन देतात, आणि ते रोज देता येते. मेथोट्रेक्सेट पेशींची वाढ रोखते. काही कर्करोगांवर ते वापरतात. संधिवातावरही देतात, पण तेव्हा आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी.

२०१८ च्या पावसाळ्यातील एका रात्रीची ही हकिगत. दीडच्या सुमारास पुरुष विभागाचा वॉर्डबॉय मागणीची चिठ्ठी घेऊन आला. सिस्टरांचे अक्षर मोत्यासारखे. मेथोट्रेक्सेट २.५, रोज सकाळी एक, पाच दिवस. खाली फ्युरोसेमाइडची इंजेक्शने. न समजण्याजोगे त्यात काहीही नव्हते. वाईट अक्षर माणसाला थांबवते. सुवाच्य अक्षरातील चूक मात्र सरळ पुढे निघून जाते, असा आमचा अनुभव आहे.

आम्हांला थांबविले ते ‘रोज’ या शब्दाने. दुसरे असे, की संधिवाताच्या रोग्याला या औषधाबरोबर बहुधा फॉलिक अॅसिड असते. ते चिठ्ठीत नव्हते. होते ते सूज उतरविणारे फ्युरोसेमाइड. आम्ही विभागात फोन लावला आणि औषधाविषयी काहीच न बोलता विचारले, ‘‘सिस्टर, पेशंटला काय होतंय?’’

‘‘बाबांच्या पायांवर सूज आहे, धाप लागते. हृदयाचा त्रास. किडनीही जरा कमजोर आहे म्हणतात.’’

‘‘सांधे दुखतात का त्यांचे?’’

‘‘नाही हो. का?’’

आम्ही मूळ केसपेपर खाली मागविला. डॉक्टरांनी लिहिलेल्या नावाच्या सुरुवातीस ‘MET’ आणि शेवटी ‘ne’ एवढेच धड लागत होते. मेथोट्रेक्सेटचा शेवट ‘te’ने होतो. तरीही केवळ शेपटावरून औषध ठरवायचे नसते. ज्याने लिहिले त्यालाच विचारायचे असते. निवासी डॉक्टर नुकतेच आडवे झाले होते. ‘‘स्पष्ट तर लिहिलंय,’’ ते जरा त्रासिक सुरात म्हणाले. आम्ही सिस्टरांची चिठ्ठी वाचून दाखविली. पलीकडे क्षणभर शांतता. मग त्यांनी इंग्रजीत एकेक अक्षर उच्चारून मेटोलाझोन सांगितले, आम्ही तसेच परत म्हटले, आणि ते स्वतः खाली येऊन नवी चिठ्ठी मोठ्या अक्षरांत लिहून गेले. औषधाचे नाव सुवाच्य व शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असा भारतीय वैद्यक परिषदेचा नियम २०१६ पासून आहे. रात्री दीड वाजता नियमांना झोप लागते.

त्या बाबांना चुकीची गोळी रोज गेली असती, तर पहिल्या दिवशी काही कळले नसते. हे औषध पेशींना फॉलिक अॅसिडचा उपयोग करू देत नाही. म्हणून भराभर वाढणाऱ्या पेशी आधी मार खातात. काही दिवसांनी तोंडात फोड, जुलाब. मग अस्थिमज्जेत रक्त तयार होणे मंदावते, ताप येतो. औषध शरीराबाहेर जाते ते मुख्यतः मूत्रपिंडांवाटे, आणि यांची मूत्रपिंडे आधीच थकलेली. उतारा आहे, फोलिनिक अॅसिड; पण तो लवकर द्यावा लागतो, आणि हृदयरोग्याच्या तोंडातील फोड पाहून गोळीचा संशय लवकर कोणाला यावा? शिवाय पायांची सूज तशीच राहिली असती, ती वेगळीच.

सकाळी आम्ही मेथोट्रेक्सेटचे खोके त्या फळीवरून काढून कुलूपबंद कपाटात नेले आणि त्यावर लाल शाईने लिहिले: ‘रोज आहे का? विभागाला फोन करा.’ संगणकाचा प्रश्न मात्र सुटला नाही. तेथे ‘MET’ टाइप केले, की दोन्ही नावे एकाखाली एक येत, आणि बोट चुकावयास एक ओळ पुरे. अखेरीस निदान पाच अक्षरे टाइप केल्याखेरीज यादी उघडू नये अशी व्यवस्था करून घेतली. ‘METHO’ आणि ‘METOL’ येथे वाटा वेगळ्या होतात. दोन महिन्यांनी नव्याने आलेल्या मदतनिसाने मोठ्या हौसेने सारी फळी पुन्हा वर्णक्रमाने लावली, आणि कपाटातील ते खोकेही ‘जागेवर’ आणून ठेवले. आम्ही ते पुन्हा कपाटात ठेवले, आणि किल्ली खिशात.