कात्का, कात्युशा, कॅतेरिना मिखाइलोव्हना

रशियन कादंबरी हातात घेतली की आपली पोरं तिसाव्या पानावर अडकतात. नायगाव-परळ भागातल्या आमच्या अभ्यासवर्गात आम्ही टॉलस्टॉयची 'पुनरुत्थान' ही १८९९ची कादंबरी वाचायला घेतली, तेव्हाही हेच झालं. आम्ही इंग्रजीतून वाचत होतो आणि मराठीत सांगत होतो. एका पोराने वहीत पात्रांची यादी केली होती. त्यात कात्युशा, ल्युबोव्ह, कॅतेरिना आणि मास्लोव्हा अशा चार बायका होत्या. या चौघी नव्हेत, ही एकच बाई आहे, हे कळल्यावर सगळे हसले. पण एका बाईला इतकी नावं का, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

आधी रचना समजून घेऊ. रशियन माणसाच्या नावाचे आपल्यासारखेच तीन भाग असतात: स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव. बाप मिखाइल असेल तर मुलगा मिखाइलोविच आणि मुलगी मिखाइलोव्हना. आपल्याकडे बापाचं नाव शाळेच्या दाखल्यावर आणि रेशनकार्डावर राहतं, ते हाक मारताना कुणी घेत नाही. रशियनमध्ये मात्र ते रोज तोंडात असतं. तिथे नावामागे 'जी', 'राव', 'साहेब' लागत नाही. मान द्यायचा तर नाव आणि बापाचं नाव जोडून घ्यायचं. शाळेतली मुलं बाईंना 'आन्ना पेत्रोव्हना' म्हणतात, त्यात आडनाव येतच नाही. मानाच्या या हाकेबरोबर बहुधा 'तुम्ही' येतं, आणि घरगुती नावाबरोबर 'तू'.

दुसऱ्या बाजूला लहान केलेली नावं. कॅतेरिनाची साधी जवळीक 'कात्या', लाडाचं रूप 'कातेन्का', आणि 'का' लावून तोडलेलं 'कात्का'. आपल्या गंगाबाईची गंगू होते, गंगी होते, तसंच हे. पण इथे घाई करू नये. 'कात्का' ही शिवीच आहे असं नाही. बरोबरीची मैत्रीण 'कात्का' म्हणते तेव्हा त्यात आपलेपणा असू शकतो, जसा चाळीतला मित्र 'काय रे संत्या' म्हणतो तेव्हा असतो. तेच मालकाने नोकराला म्हटलं की अर्थ फिरतो. ओळखायची खूण सोपी आहे: उलट हाक तशीच मारता येते का? संत्या जर समोरच्याला 'काय रे पक्या' म्हणू शकत असेल, तर ती दोस्ती. समोरच्याला 'मालक' म्हणावं लागत असेल, तर ती पायरी.

ही पायरी रशियात नुसत्या चालीरीतीची नव्हती, ती राज्याने बांधलेली होती. '-विच' लावायचा हक्क फार काळ वरच्यांचाच होता. १६१०मध्ये झारने स्त्रोगानोव्ह या बड्या व्यापारी घराण्याला तो खास मेहरबानी म्हणून दिला. बाकीच्यांनी 'इव्हान, पेत्रचा मुलगा' किंवा 'इव्हान पेत्रोव्ह' एवढ्या अर्ध्या पितृनावावर भागवायचं. याचा एक पुरावा आपल्या शेजारीच उभा आहे. रेवदंड्याला अफानासी निकितीनचं स्मारक आहे. १४७०च्या सुमारास चौलला उतरलेला हा त्वेर शहरातला व्यापारी. आपण निकितीन हे त्याचं आडनाव समजतो, पण त्याचा अर्थ एवढाच की निकिताचा मुलगा. व्यापारी होता, म्हणून 'निकितिच' नाही.

त्याहून खालची पायरी अर्ध्या नावाची. झारला अर्ज लिहिताना मोठा सरदारसुद्धा स्वतःला 'तुझा गुलाम इवाश्का' लिहायचा. घरी आला की त्याची कुळं त्याला पूर्ण नावाने, बापाच्या नावासकट हाक मारायची, आणि तो त्यांना व्हान्का, पालाश्का म्हणायचा. वर बघताना आपण लहान, खाली बघताना समोरचा लहान! १७०१च्या अखेरीस पीटरने फर्मान काढून अर्जांतली अर्धी नावं बंद केली, पण तोंडातली कुठे बंद होतात? १८४७ साली बेलिन्स्कीने गोगोलला लिहिलेल्या जाहीर झालेल्या पत्रात हीच तक्रार केली की या देशात माणसं स्वतःलाच नावाने नव्हे, टोपणनावाने ओळखतात. वाचताना आम्हाला श्रेणीबद्ध विषमता आठवली, पण फरकही लक्षात ठेवला पाहिजे. '-विच' झार देऊ शकत होता. जात कुठल्या राजाने बदलून दिली नाही.

आता कात्युशाकडे येऊ. तिची आई जमीनदारणींच्या वाड्यावर राबणारी, लग्न न झालेली बाई. आई गेल्यावर तिला वाड्यातल्या दोन बहिणींनी वाढवलं. धाकटीला तिला शिकवून मुलीसारखं करायचं होतं, थोरलीला चांगली मोलकरीण हवी होती. ती अर्धी लेक, अर्धी दासी झाली. टॉलस्टॉय स्पष्ट सांगतो की म्हणून तिचं नावही मधलं पडलं, कात्काही नाही आणि कातेन्काही नाही, कात्युशा. मराठीत ही ओळ वाचताना तिन्ही रूपं नुसती परकी नावं वाटतात आणि वाक्य हातातून निसटतं. आम्ही वर्गात गंगी, गंगू असं करून सांगितलं, तेव्हा एक ताई म्हणाल्या, "म्हणजे घरातली म्हणायचं, पण जेवायला मागच्या दाराशी." याहून नेमकं भाषांतर आम्हाला सुचलं नसतं.

त्या बहिणींचा भाचा नेख्ल्युदोव्ह तिला भोगून, शंभर रुबल हातात ठेवून निघून जातो. पुढे ती वेश्यावस्तीत पोचते आणि तिथे ल्युबोव्ह होते. एका व्यापाऱ्याला विष दिल्याच्या आरोपावरून ती कोर्टात उभी राहते, ज्युरीत तोच नेख्ल्युदोव्ह बसलेला असतो. न्यायाधीश नाव विचारतात, ती ल्युबोव्ह सांगते. बाप्तिस्म्याचं नाव? कॅतेरिना. बापाचं नाव? ती सांगते की आपण लग्नाबाहेरची. मग धर्मपित्याचं? मिखाइलोव्हा. नीट ऐका: मिखाइलोव्हा. मिखाइलोव्हना नाही. कोर्टाच्या कागदावर तिला अर्धंच पितृनाव आहे, तेही उसनं.

तुरुंगात नेख्ल्युदोव्ह प्रायश्चित्त म्हणून लग्न करतो म्हणतो. तोवर ती त्याच्याशी 'तुम्ही'ने बोलत असते. त्या क्षणी तिचा स्फोट होतो आणि ती 'तू'वर येते: तू या जन्मी माझा उपभोग घेतलास, आता परलोकासाठीही मलाच वापरतोस, अशा अर्थाचं ती सुनावते. प्रेमाने 'तू' म्हणण्याची पायरी त्याने केव्हाच घालवलेली होती, हा 'तू' हिशेब मागणारा आहे. मराठी वाचकाला हा बदल आपोआप ऐकू येतो. इंग्रजीत तो उरतच नाही, कारण तिथे सगळे 'यू'. इंग्रजीतून मराठी करणाऱ्याने इथे कान उघडे ठेवले नाहीत, तर पूर्ण प्रसंग सपाट होतो.

सैबेरियाच्या वाटेवर ती राजकीय कैद्यांमध्ये राहते. त्यांच्यातला सिमॉन्सन तिच्याशी लग्न करू इच्छितो आणि तसं नेख्ल्युदोव्हला सांगायला जातो. त्या बोलण्यात तो तिचा उल्लेख करतो: कॅतेरिना मिखाइलोव्हना. बाप माहीत नाही, धर्मपित्याचं नाव उसनं, तरी पूर्ण '-ओव्हना'. एका सोबतिणीसाठी बरोबरीच्या माणसाने वापरलेली ही हाक आहे. त्यासाठी कुठल्या झारचं फर्मान लागलं नाही.

शेवटच्या भेटीत ती नेख्ल्युदोव्हला 'दिमित्री इव्हानोविच' आणि 'तुम्ही' म्हणते, आणि सांगते की व्लादिमिर इव्हानोविच सिमॉन्सन जिथे जातील तिथे आपण जाणार. वर्गात यावर वाद झाला. काहींना ती पुन्हा दासीसारखी बोलतेय असं वाटलं. आमचं मत वेगळं आहे. दोघांचीही नावं ती एकाच पद्धतीने, बापाच्या नावासकट घेते. एकाला जमीनदार म्हणून वर ठेवत नाही, दुसऱ्याला आपला म्हणून लहान करत नाही. आणि नेख्ल्युदोव्हच्या तोंडी तेव्हाही ती कात्युशाच असते.