'फी नाही' म्हणजे फुकट नाही

माझा धाकटा भाऊ दुबईत नोकरीला आहे. २०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर त्याचा फोन आला. "ताई, तीन हजार दिरहम पाठवले, तरी घराच्या ६७ हजारांच्या हप्त्याला साडेआठशे रुपये कमी पडले. फी तर एक पैसा घेतली नाही!"

मी त्याला दोन्ही पावत्या पाठवायला सांगितल्या. दोन्ही अशासाठी, की हप्त्याचे ३००० दिरहम तो बँकेच्या 'विना-फी' सोयीने पाठवी, आणि चिपळूणला आईच्या खर्चाचे ५०० दिरहम कोपऱ्यावरच्या एक्स्चेंजमधून, जुन्या सवयीने.

त्या दिवशी बाजारात दिरहमचा भाव २२.६७ रुपये होता. विना-फी बँकेने दिला २२.०५. दिरहममागे ६२ पैसे म्हणजे किरकोळच वाटतात, पण तीन हजारांवर ते १८६० रुपये होतात. जुन्या पेढ्या हुंडणावळ कापत, तसलाच हा प्रकार. फक्त पावतीवर तिचं नाव नाही.

एक्स्चेंजचा भाव होता २२.५५, पण तिथे दर खेपेला २० दिरहम फी आणि वर १ दिरहम कर. रक्कम कितीही असो, २१ दिरहम गेलेच. आईच्या ५०० मधून ते गेले, की चार टक्क्यांहून जास्त रक्कम वाटेतच संपली. म्हणजे आमच्या शहाण्याने नेमकं उलटं केलं होतं! मोठी रक्कम कमी भावाने पाठवली आणि छोटीवर फी भरली.

मग मी कागद घेऊन बसले. त्या भावांना साधारण साडेनऊशे दिरहमपर्यंत विना-फी वाट परवडत होती, त्यापुढे एक्स्चेंज. पण त्याहून सोपा उपाय होता. साडेतीन हजार दिरहम एकदमच एक्स्चेंजमधून भारतातल्या आपल्या एनआरई खात्यात पाठवायचे, आणि तिथून आईला एनईएफटी करायची. बचत खात्यातून ऑनलाइन एनईएफटीला २०२० पासून शुल्क नाही. फी एकदाच, भावही चांगला. हिशोब केला तर ७६,९५१ ऐवजी ७८,४५१ रुपये हाती येत होते. दरमहा दीड हजाराचा फरक!

भाव रोज हलतो, म्हणून आता तो फी किती, भाव किती, असं वेगवेगळं विचारतच नाही. एकाच तासात दोन्हीकडे एकच प्रश्न करतो : "माझ्या खिशातून ३५०० दिरहम गेले, तर खात्यात रुपये किती पडतील?" एका महिन्यात सणाच्या सवलतीमुळे बँकेचा आकडा मोठा निघाला, तेव्हा तो मुकाट्याने बँकेत गेला.

तक्रार फक्त आईची. पैसे एक दिवस उशिरा येतात. पहिल्या महिन्यात तिने मलाच फोन केला, "अगं, त्याची तब्येत बरी आहे ना?"